मशीनबाईची साक्ष

माझा धंदा नेमका काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या हिशेबी वकील म्हणजे काळा कोट घालून कोर्टात जाणारं माणूस. मी तर बिनकोटाची, डबा घेऊन कधी चिकलठाण्याला तर कधी वाळूजला जायची आणि संध्याकाळी साडीला ऑइलचा वास घेऊन गारखेड्याला घरी यायची. “ही नक्की वकीलच आहे ना? का फिटर?” असं त्यांनी एकदा माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं होतं.

तर सांगते. कारखान्यातल्या कामगारावर काही आरोप असला तर त्याला तडकाफडकी घालवता येत नाही. आधी आरोपपत्र द्यावं लागतं, मग चौकशी. या चौकशीला न्यायाधीश नसतो, ‘चौकशी अधिकारी’ असतो, आणि तो बाहेरचा असला तर बरं दिसतं म्हणून कंपन्या आमच्यासारख्या वकिलांना बोलावतात. कंपनीची बाजू मांडायला कंपनीचा माणूस, कामगाराची बाजू मांडायला त्याच्या पसंतीचा सहकारी, आणि मधे टेबलावर मी. साक्षी, उलटतपासणी, प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, आणि शेवटी माझा निष्कर्ष: आरोप सिद्ध झाला की नाही. फी देणार कंपनी. त्यामुळे ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं कामगार मला तोंडावर म्हणायचे, आणि काही पर्सोनेल मॅनेजर तर टाळी कधी वाजवायची तेही फोनवर आधीच सांगून ठेवायचे. दोघांनाही मी चहा पाजायची आणि माझं काम करायची.

हे गाव आज छत्रपती संभाजीनगर आहे. मी कामाला लागले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी औरंगाबाद होतं, आणि अठ्ठेचाळीसची निजामावरची पोलीस अ‍ॅक्शन पाहिलेली म्हातारी माणसं अजून सांगायची की आमच्या वेळी भोंगा म्हणजे काय तो एका जुन्या कापडगिरणीचा. ऐंशीच्या दशकात भोंगेच भोंगे झाले. पैठण, गंगापूर, वैजापूरकडची पोरं ज्वारीच्या रानातून थेट मशीनसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्या चुकाही त्यांच्यासारख्याच होत्या. एकानं घसा बसल्याचा दाखला देऊन रजा घेतली आणि त्याच दिवशी तो पाचोडच्या बाजारात बैल विकताना सापडला. कंपनी म्हणाली, घसा बसलेला माणूस सौदा कसा करतो? त्यानं शांतपणे खिशातून रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि रुमालाखाली माझी बोटं दाबून दाखवली. “बैलाचा सौदा असा असतो बाई. तोंड उघडायचं कामच नाय.” मी आरोप सिद्ध न झाल्याचं लिहिलं. पर्सोनेल मॅनेजरनं पुढं वर्षभर मला बोलावलं नाही.

पण मला सांगायचंय ते एका कवितेच्या चौकशीबद्दल. माझ्या उभ्या वकिलीत कवितेवर आरोपपत्र एकदाच आलं.

कारखाना पत्र्याचे सुटे भाग बनवणारा. कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता नाहीही. तिथं प्रेस शॉप होतं. प्रेस म्हणजे छापखाना नव्हे. खाली साचा, वर अवजड लोखंडी ठोकळा, मधे पत्रा ठेवायचा, ठोकळा खाली येतो आणि पत्रा हव्या त्या आकारात कापला जातो. ठोकळा एकदा सुटला की मधे थांबत नाही. म्हणून अशा प्रेसला छातीच्या उंचीवर, एकमेकांपासून लांब, दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा सुटतो. म्हणजे तो खाली येताना कामगाराचे दोन्ही हात बटणांवर असतात, साच्यात नसतात. साधी, शहाणी युक्ती आहे. मात्र तिच्यात वेळ जातो. बटणं बंद करून पायाचं पेडल जोडलं की हात पत्रा ठेवायला मोकळे आणि पाय ठोकळा सोडायला मोकळा. माल भराभर निघतो. आणि एखाद्या दिवशी हात आत असतानाच सवयीनं पाय दाबला जातो.

यासीन नावाच्या कामगाराचं तसं झालं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीनं अपघाताच्या कागदावर लिहिलं, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे हात यंत्रात गेला.’ शॉपमधले लोक म्हणायचे, “मशीननं बोटं घेतली.” ही आपल्या कारखान्यांतली नेहमीची भाषा. मशीन बोट घेते, मशीन रुसते, मशीन आज मूडमधी नाय.

त्यानंतर दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी आली. प्रेस शॉपमध्ये पूजा व्हायची, नारळ फुटायचा, झेंडूच्या माळा, मग पेढे आणि थोडा कार्यक्रम. त्या कार्यक्रमात रंगनाथ नावाचा कामगार दरवर्षी कविता म्हणायचा. पाचोडकडचा, पंचविशी ओलांडलेला, केस तेल लावून मागं वळवलेले, आणि स्वतःच्या कवितेवर बेहद्द खूष असलेला. त्याच्या आधीच्या कविता मी नंतर ऐकल्या. त्या निवडणुकीतल्या घोषणांसारख्या होत्या. या वर्षीची तशी नव्हती. त्यानं यासीनच्या प्रेसलाच ‘बाई’ म्हणून हाक मारली होती.

‘बाई, तुला भूक लागली की भोंगा होतो,
मला लागली की घड्याळ बघत्यात.
तुला तहान लागली की तेल,
मला लागली की कुठं चाललास?

तुझं अंग तापलं की फोरमन हात लावून बघतो,
माझं तापलं की दाखला आण म्हणतो.
रविवारी तुला डॉक्टर, तुला आराम,
तुला नाव हाय बाई, मला नंबर.’

इथपर्यंत लोकांनी टाळ्या दिल्या, वर्क्स मॅनेजर बर्वे साहेबही हसले म्हणे. मग पुढचं कडवं आलं.

‘यासीनची बोटं तू घेतली म्हणत्यात.
घेतली तर दे बाई परत.
ती म्हणली, मी कुठं घेतली रं?
दोन बटणं होती माझ्या छातीवर,
त्याचे दोन्ही हात बाहेर असल्याबिगर
मी तोंड मिटत नव्हते.
बटणं झोपवली कुणी? पायाखाली पेडल दिलं कुणी?
जो दाबंल त्याची मी. मला कशाला विचारतो?’

मशीननं तोंड उघडलं आणि शॉपमधल्या माणसांची बंद झाली. दसऱ्याची सुट्टी संपली आणि रंगनाथ निलंबित. आरोप दोन. एक, ‘कवितेच्या आडून वर्क्स मॅनेजर यांची बदनामी’. दोन, ‘प्रेसवर पेडल असल्याची खोटी माहिती पसरवून कामगारांना चिथावणे’. अर्धा पगार चालू होता, पण आरोप सिद्ध झाले तर नोकरी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. घरी बायको बाळंतपणाला टेकलेली आणि मागं दोन बहिणी लग्नाच्या होत्या. तरी पहिल्या दिवशी आत येताना त्यानं मला विचारलं, “बाई, कविता चालीवर म्हणू का नुसती वाचू?”

मी म्हटलं, नुसती वाच.

पहिली साक्ष बर्वे साहेबांची. सज्जन, देवभोळे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. टाचणी पडली तर आवाज ऐकू यावा अशा शांत शॉपची त्यांना हौस होती, आणि शॉप तर पत्रा ठोकण्याचं. त्यांनी शपथेवर सांगितलं की यासीनच्या प्रेसला बटणंच होती, पेडल कधीच नव्हतं, आणि कवितेतली ‘बाई’ म्हणजे ते स्वतः. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. कंपनीची बाजू मांडणारे निकम घाईनं म्हणाले, “म्हणजे मॅडम, लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार आहे.”

चौकशीच्या आधीच मी प्रेस बघून आले होते. तिला बटणं होती. लाल, नवी कोरी, भोवतीचा रंगही ताजा. पेडलचं नाव नव्हतं. रंगनाथचा बचाव करणारा काशीनाथ म्हणाला, “बाई, हा रंग कालचा हाय.” रंग कालचा आहे हे मलाही दिसत होतं, पण आधी काय होतं ते दिसत नव्हतं, आणि कंपनीच्या शॉपमधला एकही माणूस पेडल होतं असं म्हणायला उभा राहायला तयार नव्हता. यासीननंही नकार दिला. कंपनीनं त्याला ठेवून घेतलं होतं, तेवढंच त्याच्या हाती उरलं होतं. मला त्याचा राग आला नाही.

दुसरा साक्षीदार म्हणून निकमांनी शहरातल्या एका कॉलेजातून मराठीचे प्राध्यापक आणले. कवितेमागं माणूस लपवलाय हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. मला वाटलं होतं कंटाळा येईल. उलट मीच खुर्ची पुढं ओढली. दहावीला आम्ही अलंकार घोकले होते ते मार्कांसाठी, त्यांच्यावर कुणाची भाकरी ठरत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

प्राध्यापक म्हणाले, निर्जीव वस्तूला कवी दोन कारणांनी जिवंत करतो. एक म्हणजे निकम म्हणतात ती अन्योक्ती. बोलायचं एकाला, मारायचं दुसऱ्याला. त्यात वस्तू नुसता मुखवटा असते. दुसरी चेतनगुणोक्ती. तिच्यात वस्तूच जिवंत होते, मागं कुणी नसतं.

“मग ही कुठली?” मी विचारलं.

“ताडून बघता येतं. अन्योक्तीत मुखवटा काढून खरं माणूस ठेवलं तरी ओळी चालतात. चालवून बघा.”

मी निकमांना सांगितलं, बाईच्या जागी बर्वे साहेब घालून वाचा. निकम तयार नव्हते. मग काशीनाथनं वाचलं. “बर्वे साहेब, तुम्हाला तहान लागली की तेल.” टंकलेखक तोंडावर हात धरून बाहेर गेला. बर्वे साहेब लालबुंद झाले. मला खरं तर हसायचं नव्हतं, पण पुढच्या ओळीला फोरमन त्यांचं अंग चाचपतो म्हटल्यावर मलाही राहवेना.

प्राध्यापक मात्र हसले नाहीत. त्यांनी कविता पुढं घेतली आणि क्रियापदांखाली रेघा मारल्या होत्या त्या दाखवल्या. “बघा, पहिल्या दोन कडव्यांत भूक, तहान, ताप दोघांनाही आहे. फरक त्यानंतर काय होतं त्यात आहे. मशीनला भूक लागली की माणसं धावतात. माणसाला लागली की माणसं घड्याळ बघतात. कवीनं यातलं काही कल्पनेनं आणलेलं नाही. तेल, देखभाल, रविवारची दुरुस्ती, सगळं तुमच्याच कारखान्यात होतं. त्यानं एवढंच केलं, की मशीनची जी सेवा होते तिला माणसाची नावं दिली. तेलाला तहान म्हटलं, दुरुस्तीला डॉक्टर म्हटलं. तसं म्हटल्याबरोबर शेजारी उभ्या माणसाला काय मिळत नाही ते उघडं पडतं. मशीन माणूस होते तितका माणूस नंबर होतो. ही टीका आहे, मी नाकारत नाही. पण ती एका माणसावर नाही, रीतीवर आहे.”

“आणि तिसऱ्या कडव्यात?” निकमांनी विचारलं. “तिथं सरळ ‘कुणी’ म्हटलंय.”

“हो. आणि तिथंच तो इतरांपेक्षा वेगळा आहे,” प्राध्यापक म्हणाले. “राक्षसी यंत्र, माणसं गिळणारं शहर, असं पुष्कळ लोक लिहितात. त्यात एक धोका असतो. यंत्रच राक्षस ठरलं की यंत्र चालवणारे सुटतात. ‘मशीननं बोटं घेतली’ या बोलण्यात तेच होतं. या मुलानं लोकांचं ते बोलणं खरं धरलं, म्हणजे मशीनला आरोपी केलं, आणि आरोपी केलं म्हणून तिला बोलायचा हक्क दिला. बोलायला लागल्यावर ती आरोपी राहिली नाही, साक्षीदार झाली.”

निकमांनी आपलाच साक्षीदार उलटला म्हणून उलटतपासणीची परवानगी मागितली. मी दिली. त्यांनी कविता पुन्हा एकदा वाचली आणि साक्षीदाराला सोडून दिलं.

रंगनाथची साक्ष झाली तेव्हा काशीनाथनं त्याला पढवून आणलं होतं. ‘ही नुसती मशीन हाय, कुणावर काही नाय, देवीची स्तुती हाय,’ एवढंच म्हणायचं आणि नोकरी वाचवायची. मी विचारलं, “ही बाई कोण?”

तो पढवलेलं म्हणाला. मग थांबला. “नुसती मशीन म्हणलं तर माझी नोकरी राहती, व्हय ना बाई?”

“ते मी सांगू शकत नाही.”

“पण मग कविता मरती.” काशीनाथनं टेबलाखाली त्याचा पाय दाबला असावा, कारण रंगनाथ त्याच्याकडं वळून म्हणाला, “दाबू नको रं. बाई, साहेबाला शिव्या द्यायच्या असत्या तर शिव्याच दिल्या असत्या, त्याला कविता कशाला लागती? साहेबाची उद्या बदली झाली तर दुसरा साहेब येईल, पेडल तिथंच राहील. म्हणून साहेब नाय. आन् नुसतं लोखंडबी नाय. लोखंडाला आपण खंडेनवमीला हात जोडतो का? ती आमच्यातली हाय. आमच्यासारखीच हुकमाची.”

मला एक विचारल्याशिवाय राहवेना. कागदावर त्याची गरज नव्हती. “बाईच का केलीस? पुरुष का नाही?”

“पुरुष केला असता तर साहेब म्हणावं लागलं असतं,” तो म्हणाला. “मग खरंच बर्वे साहेबावर गेली असती.”

पहिला आरोप माझ्या मनात तिथंच गळून पडला. पण दुसरा होता, आणि तोच जास्त जड होता. कविता कितीही चांगली असली तरी पेडल नसताना ‘पेडल होतं’ असं सगळ्यांसमोर म्हटलं असेल तर ती खोटी माहिती. मशीन साक्षीदार झाली हे प्राध्यापकांचं म्हणणं मला पटलं होतं. तरी मशीनची साक्ष मी निष्कर्षात कुठं लिहू? शपथ कोण देणार तिला? मी पुन्हा एकदा विचारलं, पेडल पाहिलेला कुणी आहे का. काशीनाथनं मान खाली घातली. त्यालाही दोन मुलं होती.

चौकशी संपवायच्या बेतात असताना बर्वे साहेबांनी स्वतःहून पुन्हा बोलायची परवानगी मागितली. निकमांना ते नको होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण बर्वे साहेबांना रंगनाथचं खंडेनवमीवरचं बोलणं लागलं होतं.

“मॅडम, बदनामीचं सोडा,” ते म्हणाले. “आमच्या शॉपमध्ये ही पूजा आम्ही श्रद्धेनं करतो. यंत्राला आम्ही देवी मानतो. त्या दिवशी देवीच्या तोंडी असलं बोलणं घालायचं, ही टिंगल आहे. माझ्या मनाला ते फार लागलं.”

ते खरं बोलत होते, डोळ्यांत पाणी होतं. मी निव्वळ कुतूहलानं विचारलं. आमच्याकडं खंडेनवमीला शिवणयंत्राला आणि विळीला हळदकुंकू लागायचं, एवढ्या मोठ्या प्रेसला कसं करतात ते मला माहीत नव्हतं. “पूजा कशी करता तुम्ही? कुंकू कुठं लावता?”

ते खुलले. आदल्या दिवशी काम लवकर बंद होतं, शॉप धुऊन निघतं, ऑइल पुसलं जातं, मशीनला पितळेसारखी चमक येईपर्यंत ते स्वतः तिथं उभे असतात. “ठोकळ्याला स्वस्तिक, साच्याला हार. आणि एक गोष्ट मी कटाक्षानं पाळतो. पेडल काढून ठेवायला लावतो. ज्याला रोज पाय लावायचा ते देवीच्या अंगावर पूजेच्या दिवशी कसं ठेवायचं? दसऱ्याची सुट्टी झाली की परत जोडतात.”

टाइपरायटर थांबला. निकमांनी पेन टेबलावर ठेवलं. रंगनाथनं तोंड उघडलं होतं, काशीनाथनं या वेळीही त्याचा पाय दाबला असणार, कारण ते मिटलं.

मी म्हटलं, “साहेब, ही उत्तरं जशीच्या तशी टाइप होतील. वाचून सही करा.”

त्यांनी कागद घेतला. निकम त्यांच्या कानाशी लागले, काहीतरी भराभर बोलले. बर्वे साहेबांचा चेहरा हळूहळू उतरला. आपण काय बोललो ते त्यांना आत्ता कळत होतं. मला वाटलं, आता म्हणतील चुकून बोललो, दुसऱ्या प्रेसचं सांगत होतो, तसं म्हणायला वाव होता. त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग निकमांना म्हणाले, “पूजेबद्दल खोटं कसं लिहू?” आणि सही केली.

माणसाचं मला आश्चर्य वाटतं ते असं. प्रेसबद्दल, यासीनच्या हाताबद्दल ते शपथेवर धडधडीत खोटं बोलून गेले होते आणि रात्री शांत झोपले असतील. देवीबद्दल त्यांना ते जमेना. त्यांच्या लेखी ती खरोखर जिवंत होती. मी त्यांना दुष्ट म्हणू शकले नाही, आजही म्हणत नाही. पण यासीनला वर्षातून एक दिवस तरी त्यांनी देव मानलं असतं तर बरं झालं असतं, असं मात्र मला वाटलं.

मी निष्कर्ष लिहिला. पहिला आरोप सिद्ध नाही, कारण कविता व्यक्तीवर नाही. दुसरा सिद्ध नाही, कारण माहिती खोटी असल्याचं कंपनीला दाखवता आलं नाही, उलट कंपनीच्याच साक्षीदारानं ती खरी ठरवली. चेतनगुणोक्ती हा शब्द मी निष्कर्षात घातला. कामगार कायद्याच्या कागदावर तो त्याआधी किंवा त्यानंतर आला असेल असं मला वाटत नाही, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. चौकशी अधिकाऱ्याचं म्हणणं कंपनीवर बंधनकारक नसतं, कारण देऊन ती ते झुगारू शकते. पण हे प्रकरण कामगार न्यायालयात गेलं तर बर्वे साहेबांची सही तिथं वाचली जाणार, हे वरच्या साहेबांना कळलं असावं. रंगनाथ कामावर रुजू झाला. प्रेसवर बटणं राहिली, या वेळी रंगापुरती नव्हे. पुढच्या खंडेनवमीपासून कवितावाचनाचा कार्यक्रम मात्र बंद झाला, आणि माझं त्या कंपनीतलं कामही.

निष्कर्षाचं पाकीट द्यायला मी गेले तेव्हा गेटवर यासीन होता. प्रेसवरून काढून त्याला पास लिहायला बसवलं होतं. उरलेल्या बोटांत पेन धरून माझं नाव लिहायला त्याला वेळ लागला. मला संकोच वाटला, काही तरी बोलावं म्हणून म्हटलं, “यासीनभाई, रंगनाथची नोकरी राहील असं वाटतंय.”

“अच्छा हुआ,” तो म्हणाला. मग पास फाडताना विचारलं, “बाई, आखिर का कडवा भी पढे क्या उनो चौकशी में?”

शेवटचं कडवं मला आठवेना. पहिल्या दिवशी रंगनाथनं कविता पूर्ण वाचली होती, पण आरोपपत्रात शेवटच्या कडव्याबद्दल काही नव्हतं, म्हणून ते कुणी चर्चेलाच घेतलं नाही. मी तसं सांगितलं.

यासीननं मराठीतच, रंगनाथच्या सुरात, म्हणून दाखवलं.

‘यासीन, मला हात नाहीत रं,
असते तर जोडले असते.’

मागं ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. यासीननं पास माझ्या हातात दिला.

“कंपनी में इत्ते लोगां हैं बाई,” तो म्हणाला. “माफी मांगी तो बस उसीच ने.”